फोनवर कापली जाणारी लांब टायटलं खरंच क्लिक घालवतात का? टेस्ट करणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

टायटल लांब झालं की गुगलच्या रिझल्टमध्ये शेवटी तीन टिंबं येतात आणि लगेच प्रश्न येतो, "छोटं करू का?" अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा मोजलेलं बरं. इथले सगळे प्रश्न गुगल सर्चमध्ये दिसणारं पेजचं टायटल आणि साइट सर्चमध्ये कशी चाललीय ते सांगणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोलचे आकडे याबद्दलच आहेत. व्हिडिओची टायटलं, जाहिराती यांचं गणित वेगळं असतं.

१. फोनवर नक्की किती अक्षरं दिसतात? कुणी ५० म्हणतं कुणी ६०.

अक्षरांवर काही ठरतच नाही, ठरतं जागेवर. गुगलने टायटलला लांबीची मर्यादा घातलेली नाही, स्क्रीनच्या रुंदीत बसेल तेवढं दाखवायचं आणि उरलेलं कापायचं एवढंच. कॉम्प्युटरवर साधारण ६०० पिक्सेलची एक ओळ मिळते. फोनवर ओळ अरुंद असते पण टायटल दुसऱ्या ओळीवर उतरतं, त्यामुळे बऱ्याचदा कॉम्प्युटरवर कापलं गेलेलं टायटल फोनवर पूर्ण दिसतं! "फोन छोटा म्हणजे टायटल जास्त कापलं जाणार" हे धरूनच बरेच जण टेस्ट लावतात आणि तिथेच गडबड होते.

मराठीत अक्षरं मोजणं तर अजूनच फसवं. "क्षमता" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण कॅरेक्टर काउंटर सहा सांगतो, कारण क, हलन्त, ष, म, त आणि काना हे सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे इंग्रजीसाठीचा ६० चा नियम देवनागरीला लावला तर काउंटर लाल होतो आणि टायटल मात्र मजेत बसलेलं असतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हे चालवलं तर रुंदीचा अंदाज येतो:

```js
const c = document.createElement('canvas').getContext('2d');
c.font = '20px Arial';
c.measureText('तुमचं टायटल इथे').width;
```

एरियलमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर त्या मशीनवरचा दुसरा फॉन्ट घेतो, म्हणून हा आकडा मशीनगणिक थोडा हलतो. शेवटचा निकाल फोनच देणार. दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तीच क्वेरी टाकून स्क्रीनशॉट काढा, त्यातला एक फोन असा घ्या ज्याच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केलेली आहेत, कारण असे फोन वापरणारे कमी नसतात आणि त्यांच्याकडे टायटल सगळ्यात आधी कापलं जातं. प्रत्येक टायटल कुठल्या शब्दावर तुटतं ते शीटमध्ये लिहून ठेवा, प्रश्न ४ मध्ये लागणार आहे.

२. "कीवर्ड आधी" म्हणजे नक्की काय, मराठीत तसं लिहिलं की वाक्य विचित्र वाटतं.

वाटतं, आणि त्याला कारण आहे. मराठीत क्रियापद शेवटी आणि विशेषणं, अटी, "न करता", "अगदी दोन मिनिटांत" हे सगळं आधी येतं. आपण सरळ मनाने लांब टायटल लिहिलं की मुख्य गोष्ट आपोआप शेपटीला जाते आणि कापायची वेळ आली की तीच आधी जाते. हे बघा:

कुठलंही ॲप न टाकता, क्वालिटी न घालवता, अगदी दोन मिनिटांत फोनवरच पीडीएफ साईज कमी कशी करायची

वाचायला छान आहे, पण कापलं की उरतं "कुठलंही ॲप न टाकता, क्वालिटी न घालवता, अगदी दोन मिनिटांत फो...". कशाबद्दल आहे? पत्ता नाही. तेच शब्द उलटे लावले तर:

पीडीएफ साईज कमी कशी करायची: फोनवरच, दोन मिनिटांत, ॲप न टाकता, क्वालिटी न घालवता

आता कापलं तर शेपटीतलं एखादं आश्वासन जाईल, विषय जाणार नाही. मधला कोलन किंवा डॅश हीच इथली युक्ती, तिच्यामुळे वाक्य विचित्र न होता शब्द पुढे आणता येतो. आणि तिसरं, नुसतं छोटं: "पीडीएफ साईज कमी कशी करायची".

कीवर्ड म्हणजे तुम्हाला आवडणारा शब्द नव्हे, सर्च कन्सोलमध्ये त्या पेजला सगळ्यात जास्त क्लिक देणारी क्वेरी. लोक तेच रोमन लिपीत `pdf size kami kashi karaychi` असंही टाइप करतात आणि ती क्वेरी वेगळ्या ओळीत येते, दोन्हींची बेरीज करून मगच ठरवा.

३. एकाच पेजला एकाच वेळी दोन टायटल देऊन अर्ध्या लोकांना हे, अर्ध्यांना ते असं दाखवता येतं का? निदान फोनला छोटं आणि कॉम्प्युटरला लांब?

दोन्ही नाही. पेजवरचं बटण वगैरे टेस्ट करायची टूल्स येणाऱ्या माणसांना दोन गटांत वाटतात, पण सर्च रिझल्टमधलं टायटल माणूस पेजवर यायच्या आधीच दिसलेलं असतं आणि ते गुगलच्या इंडेक्समधून आलेलं असतं. एका यूआरएलची इंडेक्समध्ये एकच नोंद, आणि ती गुगल पेजची फोनवाली आवृत्ती वाचून बनवतो. म्हणजे फोनला वेगळं दिलंत तर तेच कॉम्प्युटरवरही दिसणार. जावास्क्रिप्टने टायटल अदलाबदल करत बसलात तर गुगलने कुठलं उचललं हेही कळत नाही.

म्हणून माणसं वाटायची नाहीत, पेजं वाटायची. तेच पुढच्या उत्तरात.

४. मग टेस्ट लावायची कशी, स्टेप बाय स्टेप सांगा.

"लांब विरुद्ध छोटं-कीवर्ड-आधी" अशी सरळ दोन गटांची टेस्ट बहुतेक लोक लावतात आणि छोटं जिंकलं तरी त्यांना काहीच कळत नाही, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या. टायटल छोटं झालं आणि कीवर्डही पुढे आला. जिंकलं ते कशामुळे? म्हणून गट तीन लागतात.

गट अ, जुनं लांब टायटल, कीवर्ड शेवटी, कापला जाणारा. गट ब, तेवढंच लांब, जवळपास तेच शब्द, फक्त कीवर्ड पुढे, कापली जाते ती शेपटी. गट क, छोटं, कीवर्ड पुढे, काहीच कापलं जात नाही. प्रश्न २ मधली तीन टायटलं म्हणजे हेच तीन गट. अ आणि ब मधला फरक सांगतो की काय कापलं गेलं याने फरक पडतो का. ब आणि क मधला फरक सांगतो की शेवटी टिंबं असणं हेच मुळात वाईट आहे का. माझा स्वतःचा कल असा आहे की दोष कापण्याचा नसतो, काय कापलं गेलं त्याचा असतो, पण तो कल आहे, तुमच्या साइटवर तो खोटा ठरू शकतो आणि त्यासाठीच तर टेस्ट.

पेजं निवडताना एकाच प्रकारची घ्या, म्हणजे सगळी "कसं करायचं" वाली, सगळी निदान सहा महिने जुनी, आणि प्रश्न १ मधल्या स्क्रीनशॉटवरून ज्यांचं आत्ताचं टायटल फोनवर खरंच कापलं जातंय अशीच. जे कापलंच जात नाही ते या टेस्टमध्ये काय करणार. समजा अशी ६० मिळाली. सर्च कन्सोलमध्ये `Performance` उघडून डिव्हाइसला मोबाइल फिल्टर लावा, गेल्या २८ दिवसांच्या इंप्रेशननुसार, म्हणजे रिझल्टमध्ये किती वेळा दिसली त्यानुसार, ६० पेजं उतरत्या क्रमाने लावा, वरून तीन-तीनचे २० संच पाडा आणि प्रत्येक संचात चिठ्ठ्या टाकून अ, ब, क ठरवा. चिठ्ठ्याच टाका. "हे टायटल बदलायला सोपं आहे, हे ब मध्ये घेऊ" असं केलंत की टेस्ट तिथेच संपली.

मग ब आणि क ची टायटलं एकाच दिवशी बदला, यूआरएल तपासणीतून पुन्हा इंडेक्स करायची विनंती टाका, आणि अ ला हात लावू नका. पेजमधला मजकूर, फोटो, वरचं मोठं हेडिंग, मेटा डिस्क्रिप्शन, सगळं तसंच. टेस्ट चालू असताना कुणी "जाता जाता" पेज अपडेट केलं तर तो अख्खा संच बाद करा, तिन्ही पेजं.

५. किती दिवस थांबायचं? आठवड्यात कळेल ना?

नाही कळणार. आधी गुगल प्रत्येक पेज परत येऊन वाचेपर्यंतचा काळ सोडून द्यायचा, तो कुठे दोन दिवस असतो कुठे दोन आठवडे, यूआरएल तपासणीत शेवटचं क्रॉल कधी झालं ती तारीख दिसते. सगळी पेजं वाचून झाली की त्या दिवसापासून मोजायला सुरुवात, आणि पूर्ण आठवडेच मोजायचे, कारण सुट्टीच्या दिवशी फोनवरचा शोध वेगळा असतो. २८ दिवस आधीचे, २८ नंतरचे, मधला अदलाबदलीचा काळ फेकून द्यायचा. ताज्या दोन-तीन दिवसांचे आकडे सर्च कन्सोलमध्ये अजून भरत असतात, तेही धरू नका.

दिवसांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे इंप्रेशन किती जमतात. ढोबळ हिशोब असा की सीटीआर, म्हणजे शंभर इंप्रेशनमागे किती क्लिक आले ते, ३% असेल आणि तो ३.३% झाला का एवढा बारीक फरक ओळखायचा असेल तर प्रत्येक गटाला सुमारे ५२ हजार इंप्रेशन लागतात. ३% चा ३.६% झाला का एवढंच बघायचं तर १३ हजारात भागतं. फरक अर्धा झाला की गरज चौपट होते, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि हे नुसत्या दोन गटांच्या एकदाच्या तुलनेसाठी, आधी-नंतर अशी चार आकड्यांची तुलना केली की त्याच्या साधारण दुप्पट. महिन्याला गटामागे चार हजार इंप्रेशन असलेल्या साइटवर "छोट्या टायटलने ५% क्लिक वाढले" असं कुणी म्हणालं तर ते त्यांना दिसलंच कसं हा प्रश्न आहे.

६. एकदा आकडे घालून पूर्ण करून दाखवा ना, मी शीट उघडून बसलोय.

बसा. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या साइटचे नाहीत. सगळे मोबाइलचे.

गट ब, बदलाआधी ६०,००० इंप्रेशन, १,८०० क्लिक, म्हणजे ३.०%. बदलानंतर ६२,००० इंप्रेशन, २,१०८ क्लिक, म्हणजे ३.४%. इथेच बरेच जण शीट बंद करतात आणि "०.४ ने वाढला" म्हणून मेल टाकतात.

आता गट अ, ज्याला कुणी हातही लावला नाही. आधी ५८,००० वर १,७४०, म्हणजे ३.०%. नंतर ६१,००० वर १,९५२, म्हणजे ३.२%. काहीही न करता ०.२ वाढला! सीझन असेल, वरचा एखादा रिझल्ट हलला असेल, काहीही. म्हणून कीवर्ड पुढे आणण्याचं श्रेय ०.४ नाही, ०.४ वजा ०.२, म्हणजे ०.२ पॉइंट.

आणि हा ०.२ तरी खरा का? इंप्रेशन `A2` मध्ये आणि सीटीआर `B2` मध्ये 0.03 अशा रूपात असेल तर प्रत्येक आकड्याची डळमळ अशी निघते:

```
=SQRT(B2*(1-B2)/A2)
```

चारही आकड्यांसाठी ती साधारण ०.०७ पॉइंट येते. चौघांचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ, येतं ०.१४. त्याची दुप्पट ०.२८. म्हणजे आपला खरा फरक ०.२ च्या अलीकडे-पलीकडे ०.२८, उणे ०.०८ पासून अधिक ०.४८ पर्यंत कुठेही असू शकतो. शून्य त्यात बसतंय. निकाल: अजून ठरलेलं नाही. "फरक नाही" असंही नाही हं, ठरलेलं नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अजून चार आठवडे चालू द्यायचं, आणि हे दुसरे चार आठवडे टेस्ट लावायच्या आधीच ठरवून ठेवायचे, नाहीतर माणूस आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत टेस्ट लांबवत राहतो.

हा हिशोबही थोडा उदारच आहे, कारण तो प्रत्येक इंप्रेशनला स्वतंत्र धरतो आणि प्रत्यक्षात एकच मोठं पेज अख्खा गट ओढून नेतं. म्हणून दुसरी एक साधी तपासणी करा. २० संचांपैकी किती संचांत ब च्या पेजचा बदल अ च्या पेजपेक्षा चांगला निघाला ते नुसतं मोजा. नाणं उडवलं तर साधारण १० येतील. १५ किंवा जास्त आले तर काहीतरी आहे. वरच्या उदाहरणात १२ आले असं समजा, म्हणजे नाण्यापेक्षा फार वेगळं नाही, दोन्ही तपासण्या एकच सांगतायत. मला तर ही संच-मोजणी फॉर्म्युल्यापेक्षा जास्त विश्वासाची वाटते, तिला फसवणं अवघड आहे.

ब आणि क ची तुलनाही अगदी अशीच करायची.

७. फोनवर फरक दिसला, पण तो कापल्यामुळेच आहे हे कशावरून?

हाच खरा प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात. यासाठी कॉम्प्युटरचे आकडे कामाला येतात. संचांमधून अशी पेजं वेगळी काढा ज्यांचं जुनं टायटल फोनवर कापलं जातं पण कॉम्प्युटरवर पूर्ण बसतं, आणि उलटीही, कॉम्प्युटरवर कापलं जातं पण फोनवर दोन ओळींत बसतं. प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे ही दुसरी जात जास्त सापडते, आणि ती प्रश्न ४ च्या निवडीत गाळली गेलेली असते, म्हणून तिच्यासाठी वेगळे संच पाडा.

कापणं हे कारण असेल तर फायदा त्याच डिव्हाइसवर दिसायला हवा जिथे ते टायटल कापलं जात होतं. दोन्हीकडे सारखाच फायदा दिसला तर कापण्याचा संबंध नाही, नवे शब्दच लोकांना बरे वाटले. एका टेस्टमध्ये मी स्वतः "फोनवर छोटी टायटलं चालतात" असं लिहून मोकळा झालो होतो, मग शेजारी बसणाऱ्याने विचारलं कॉम्प्युटरवर काय झालं, तर तिथेही तेवढीच वाढ, आणि तिथे जुनं टायटल कापलंच जात नव्हतं. मेल परत पाठवावा लागला.

८. गुगलने माझं टायटल दाखवलंच नाही, भलतंच दाखवलं. आता?

होतं असं. पेजवरचं मोठं हेडिंग, लिंकांमधले शब्द यातूनही गुगल टायटल उचलतो, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने टायटल बनवायची पद्धत बदलली तेव्हा हेडिंगवरचा भर वाढला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने सांगितलं होतं की सुमारे ८७% वेळा पेजचं स्वतःचं टायटलच वापरलं जातं. म्हणजे उरलेल्यांत तुमचं पेज असू शकतं, आणि फार लांब टायटलं बदलली जाण्याची शक्यता जास्तच.

बदल लागल्यावर प्रत्येक पेजची मुख्य क्वेरी फोनवर टाकून खरंच काय दिसतंय ते बघा, लॉगिन नसलेल्या खिडकीत. क्वेरी बदलली की क्वचित टायटलही बदलतं, त्यामुळे एकदा बघून भागत नाही, दोन-तीन क्वेरी बघा. ज्यांचं टायटल गुगलने बदललंय त्यांच्यावर शीटमध्ये खूण करा पण काढून टाकू नका. का? कारण गुगल कुठली बदलतो हे चिठ्ठीने ठरत नाही. बदललेली काढली की गटांचा तोल जातो. मुख्य निकाल सगळ्या पेजांवर द्या, तोच व्यवहारातला निकाल, आणि खुणा नसलेल्या पूर्ण संचांवरचा दुसरा निकाल खाली जोडा.

९. टायटल छोटं केल्यावर सीटीआर पडला, पण क्लिक वाढले. हे कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे. समजा आधी १०,००० इंप्रेशन, ३०० क्लिक, ३%. नव्या टायटलने जुन्याच क्वेरींवर १०,००० इंप्रेशनला ३४० क्लिक आले, छान. पण कीवर्ड पुढे आल्याने पेज नव्या क्वेरींना दुसऱ्या पानावर वगैरे दिसायला लागलं, तिथे ६,००० इंप्रेशन आणि ३० क्लिक. एकूण १६,००० वर ३७०, म्हणजे २.३%. टायटल जिंकलंय आणि आकडा हरल्यासारखा दिसतोय.

म्हणून तुलना त्याच क्वेरींवर करायची, ज्या आधीही होत्या आणि नंतरही आहेत. एक गोष्ट फक्त लक्षात असू द्या, क्वेरीचा फिल्टर लावला की फार कमी लोकांनी शोधलेल्या, गुगलने लपवलेल्या क्वेरी बाहेर पडतात आणि बेरीज एकूणपेक्षा कमी येते. तो बग नाही. दोन्ही काळांना तोच फिल्टर लावला की झालं. मोठ्या साइटला स्क्रीनवरच्या १,००० ओळी पुरत नाहीत, तिथे एपीआयमधून काढा.

१०. मधल्या काळात पोझिशनच बदलली तर?

टायटलमधले शब्द रँकिंगलाही लागतात, त्यामुळे पोझिशन हलणं हा कधी अपघात असतो, कधी टायटलचाच परिणाम. क्वेरी-पेजच्या जोड्या घ्या, आणि ज्यांची सरासरी पोझिशन आधी-नंतर अर्ध्या जागेपेक्षा जास्त हललेली नाही अशाच ठेवून सीटीआर पुन्हा काढा. फरक टिकला तर टायटल स्वतःच्या बळावर क्लिक आणतंय. गेला तर रँकिंगमुळे आणत होतं. धंद्यासाठी दोन्ही चांगलंच, पण "फोनवर कापलं जात होतं म्हणून" हे वाक्य दुसऱ्या बाबतीत लिहिता येत नाही.

११. सगळ्यात वाईट सीटीआरवाली २० पेजं घेतली, टायटलं छोटी केली, सगळी सुधारली! मग झालं की सिद्ध?

नाही ना. सगळ्यात वाईट म्हणून निवडलेल्यांपैकी बरीच त्या महिन्यात नशिबाने वाईट होती, ती पुढच्या महिन्यात आपोआप वर येतात, टायटलला हात न लावताही. तीच वाईट ४० घेऊन चिठ्ठीने अर्धी तशीच ठेवली असती तर तीही सुधारलेली दिसली असती. वाईट पेजांवर टेस्ट करायला हरकत नाही, न बदललेला गट त्याच वाईटांतून आलेला हवा एवढंच.

१२. टायटलच्या शेवटी साइटचं नाव असतं, ते कापलं गेलं तर काय बिघडलं?

काहीच नाही. ऑक्टोबर २०२२ पासून फोनच्या रिझल्टमध्ये साइटचं नाव टायटलच्या वर वेगळं दिसतंच. फक्त साइटचं नाव कापलं जात असेल तर अशी पेजं टेस्टमध्ये घेऊच नका, ती "कापलेली" म्हणून मोजली जातात आणि प्रत्यक्षात वाचकाचं काहीच गेलेलं नसतं, निकाल उगाच पातळ होतो.

१३. लोक साइटचं नाव टाकूनच शोधतात, त्या क्वेरी धरायच्या का?

काढा. नाव टाकून शोधणारा टायटल वाचतच नाही, तो येणारच आहे. असे क्लिक ठेवले की सीटीआर फुगतो आणि फरक दबतो. नावाची चुकीची स्पेलिंगं आणि दोन्ही लिप्यांतली रूपंही काढा.

१४. माझी सगळी मिळून बारा पेजं आहेत, मी काय करू?

बाराचे तीन गट करून काही हाती लागणार नाही. तुमच्याकडे एखादं पेज असं असेल ज्याला एकट्यालाच भरपूर इंप्रेशन आहेत तर त्यावर चार आठवडे जुनं, चार नवं, चार परत जुनं, चार परत नवं असं करता येतं, प्रत्येक वेळी क्रॉलचे दिवस वगळून. नवं टायटल दोन्ही वेळा वर आणि जुनं परत लावल्यावर दोन्ही बाजूंपेक्षा खाली आलं तर थोडा विश्वास ठेवा. एकदाच आधी-नंतर केलंत तर तो प्रश्न ६ मधला ०.४ आहे, त्यातलं तुमचं किती आणि काळाचं किती हे सांगता येत नाही. तेवढेही इंप्रेशन नसतील तर टेस्ट सोडा, प्रश्न २ प्रमाणे शब्द पुढे आणा आणि पेजवर काम करा. मोजता येत नाही म्हणून लिहायचं थांबायचं नसतं.

१५. गुगल डिस्कव्हरमधून येणारे क्लिक यात येतात का?

नाही, सर्च कन्सोलमध्ये डिस्कव्हरचा रिपोर्ट वेगळा आहे. तिथे कुणी काही शोधलेलंच नसतं, क्वेरीच नाही, मग "कीवर्ड आधी" याला अर्थ काय राहिला. त्याची टेस्ट करायचीच असेल तर ती स्वतंत्र, आणि तिथे फोटो इतका ओढतो की टायटलचा फरक हाताला लागणं कठीण.

१६. सगळं नीट केलं आणि लांब टायटल जिंकलं! कुठे चुकलं?

आधी प्रश्न ८ आणि १० परत तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर कुठेच चुकलं नाही. कोण जिंकलं ते बघा. ब गट क पेक्षा पुढे असेल तर अर्थ सरळ आहे, कीवर्ड पुढे होता आणि दुसऱ्या ओळीतल्या "ॲप न टाकता" ने क्लिक आणले, जे छोट्या टायटलमध्ये नव्हतं. दहा रिझल्ट सगळे "पीडीएफ साईज कमी कशी करायची" असंच म्हणत असतील तर अकरावं तेच वाक्य कुणी का निवडावं. अशा वेळी पुढची टेस्ट लांबीची नको, शेपटीत कुठलं आश्वासन ठेवायचं याची लावा.

अ गट जिंकला, म्हणजे कीवर्ड शेवटी आणि तोही कापलेला, तर स्क्रीनशॉट पुन्हा काढा. माझ्याकडे एकदा असं आलं तेव्हा निघालं असं की गुगल त्या पेजांवर मोठं हेडिंग उचलून दाखवत होता आणि ते हेडिंग होतं छोटं, कीवर्ड पुढे असलेलं. मी ज्याला लांब टायटल समजून मोजत होतो ते लोकांना कधी दिसलंच नव्हतं.